जांभ्याच्या भिंतीवर पेगबोर्ड की जाळी? (खानापूर, स्वयंपाकघर)

खानापूर_घर: ओट्यावर चार फूट बाय दोन फूट जागा आहे. कढया, तवा, झारे मिळून साधारण 10 किलो. भिंत जुन्या चिऱ्यांची, वर सिमेंटचा गिलावा, पावसाळ्यात ओल धरते. काय लावू?

निपाणी_फर्निचर: 6 एमएमचा एमडीएफ पेगबोर्ड घ्या, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट करा. पाणी लागणार नाही. ड्रिल मात्र हॅमरवर ठेवा, चिरा कडक असतो.

सुतार_टिळकवाडी: लॅमिनेट पृष्ठभाग वाचवतं हे खरं, पण पेगबोर्डला शेकडो भोकं असतात आणि प्रत्येक भोकाच्या आत एमडीएफ उघडाच राहतो. वाफ तिथूनच शिरते. भोकांच्या कडा फुगलेल्या दिसल्या की हुक सैल पडणार हे समजा. ओट्यावर स्टीलच्या तारेची जाळीच बरी, शक्यतो 304ची. पावडर कोटिंगची जाळी स्वस्त पडते, पण हुक घासून रंग उडतो तिथे गंज धरतो.

हॅमर तर बंदच ठेवा. जांभ्यात पोकळ्या असतात. ठोक्यांनी भोक मोठं होतं आणि गिट्टी आत गरागरा फिरते. 8 एमएमच्या बिटने साधं ड्रिल करा आणि भुकटीकडे लक्ष ठेवा. राखाडी पडते तोवर तुम्ही गिलाव्यातच आहात. तांबडी पडू लागली की तिथून आणखी 50 एमएम आत जा. भोक फुंकून साफ करा आणि लांब नायलॉनची गिट्टी पूर्ण आत, चिऱ्यात बसवा. नुसत्या गिलाव्यात बसली तर पोपडा घेऊनच बाहेर येते.

जाळी थेट भिंतीला नको. वर एक आणि खाली एक अशा 20 एमएम जाडीच्या सागवानी पट्ट्या आडव्या मारा, प्रत्येकीला चार स्क्रू. एखादं भोक पोकळीत गेलं तरी बाकीचे तीन भार घेतात. मागे हुक फिरायला जागा राहते, वाराही खेळतो.

शहापूर_भाड्याने: माझ्या अभ्यासाच्या खोलीत खुंट्यांची पट्टी आहे, दुहेरी टेपवर. मुलाचं दप्तर लावलं की सुटते. कोणती टेप चांगली?

सुतार_टिळकवाडी: टेपचा दोष नाही. पट्टीची उंची 8 सेंमी, स्क्रू मधोमध आणि दप्तर भिंतीपासून 8 सेंमी पुढे धरा. पट्टी खालच्या कडेवर कलते आणि 4 किलोचं दप्तर स्क्रूंना मिळून 8 किलोने बाहेर ओढतं. टेपवर हाच ताण वरच्या कडेला येतो, मग रंगासकट सोलून निघते. घरमालकाला विचारून दोन भोकं पाडा, नाहीतर दप्तर खालीच ठेवा.

निपाणी_फर्निचर: भोकांच्या कडांचं पटलं. पण चिऱ्यात गिट्टीपेक्षा केमिकल अँकर पक्का नाही का?

सुतार_टिळकवाडी: पक्का असतो, पण भोक ब्रशने झाडून भुकटी काढलीत तरच. पोकळी लागली तर जाळीची नळी घालावी लागते, नाहीतर रसायन आत वाहून जातं. 10 किलोसाठी मला गरज वाटत नाही.

खानापूर_घर: खालच्या फूटभर भागात गिलावा टकटक केलं की पोकळ वाजतो. खालची पट्टी तिथेच येते.

सुतार_टिळकवाडी: मग तेवढा गिलावा आधी काढा. आतला चिरा ओला निघाला तर पाणी कुठून येतंय ते शोधल्याशिवाय नवा गिलावा करू नका. तोवर वरच्या पट्टीवर हलकी भांडीच टांगा.