‘पॉयझनिंग द वेल’ : कान भरणे, विहीर नासवणे की आणखी काही?

अनुवादिका:
कॉलेजच्या वादविवाद मंडळासाठी तर्कदोषांवरची पुस्तिका मराठीत करते आहे. ‘ॲड होमिनेम’ला ‘व्यक्तिलक्ष्यी दोष’ लिहिलं. ‘पॉयझनिंग द वेल’पाशी अडले. संपादक म्हणतात, दोन्ही म्हणजे माणसावर घसरणंच, एकाच शब्दात उरका. मला ते पटत नाही.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा होती. कमिटीतले एकजण उठले आणि सुरुवातीलाच म्हणाले, “आज जे कार्पेटवरून शंका काढतील, त्यांना कोणी पढवून पाठवलंय ते आपल्याला ठाऊक आहे.” तोवर कोणी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. मागच्या रांगेत एक निवृत्त इंजिनिअर काका आकडेमोडीचा कागद घेऊन बसले होते. बिल्डरनं देऊ केलेल्या वाढीव कार्पेटमध्ये बाल्कनी धरली आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं, कारण रेराच्या व्याख्येत बाल्कनी कार्पेटमध्ये येत नाही. त्यांनी कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. याला काय म्हणाल?

पेठकर:
कान भरणे. चांगला शब्द घरात असताना इंग्रजांची विहीर कशाला उपसायची?

निवृत्त मास्तर:
कान भरतात ते पाठीमागे, एकेकाला गाठून. इथे भर सभेत, तो माणूस समोर बसलेला असताना झालं.

हा शब्दप्रयोग वादाच्या संदर्भात न्यूमन या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूनं १८६४ साली किंग्जले या लेखकाविरुद्ध वापरला. रोमन कॅथलिक धर्मगुरूंना सत्याची चाड नाही, असं किंग्जलेनं एका मासिकात लिहिलं होतं. न्यूमननं जाब विचारल्यावर त्यानं पुढे असा सूर लावला, की आता न्यूमन काहीही म्हणाला तरी त्यात शब्दांची चलाखी नाही हे ओळखायचं कसं? म्हणजे न्यूमन गप्प बसला तर कबुली, बोलला तर चलाखी. आपण बोलू त्या प्रत्येक शब्दावर अविश्वास आधीच पेरून ठेवलाय, ही त्याची तक्रार होती.

ॲड होमिनेममध्ये मुद्दा निदान कानावर पडलेला असतो. काकांनी बाल्कनीचं विचारलं असतं आणि उत्तराऐवजी “तुम्ही मेंटेनन्स थकवता” असं ऐकवलं असतं, तर तो व्यक्तिलक्ष्यी दोष. इथे बाल्कनी हा शब्दच सभेत आला नाही.

हडपसरकर:
म्हणजे आधी बोललं की विहीर, नंतर बोललं की ॲड होमिनेम. सोपं आहे.

निवृत्त मास्तर:
नुसत्या वेळेवर जाऊ नका. समजा कमिटीनं कागद दाखवून सांगितलं, की बोलणारे गृहस्थ दुसऱ्या बिल्डरचे पगारी सल्लागार आहेत, ते लक्षात ठेवून ऐका. हेही आधीच सांगितलं, पण यात दोष नाही. ते तपासता येतं, खोडता येतं आणि ‘ऐका’ म्हटलंय. “पढवून पाठवलंय” यात नाव नाही, कागद नाही. ते खोडायला जो उठेल तोच पढवलेला ठरतो. मी हेच बघतो, की डाग धुवायला काही वाट ठेवली आहे का.

सिंहगडरोडवाली:
मास्तर, इथे मी सहमत नाही. बदलीच्या ऑफिसात मी रुजू व्हायच्या आधीच साहेबांनी सांगून ठेवलं होतं, “बाई युनियनवाल्या आहेत, जपून.” युनियनमध्ये मी खरंच होते, तपासता येत होतं. तरी पहिले सहा महिने माझ्या साध्या रजेच्या अर्जातही लोक राजकारण शोधायचे. खरी माहितीसुद्धा कान बंद करते.

निवृत्त मास्तर:
रजेच्या अर्जाशी युनियनचा काय संबंध, हा प्रश्न मात्र रास्त आहे. माहिती खरी असून गैरलागू असेल, तर माझी कसोटी अपुरी पडते. विचार करतो.

हडपसरकर:
शब्दाचं बोला. ‘विहीर बाटवणे’ कसं वाटतं? पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकून गावं बाटवली असं आजी सांगायची. त्यावरूनच इंग्रजीत गेलं असणार.

अनुवादिका:
इंग्रजीत तिथून गेलेलं नाही. युरोपात १३४८च्या प्लेगमध्ये ज्यूंनी विहिरींत विष कालवलं अशी अफवा उठली होती आणि त्यात माणसं मारली गेली. शिवाय ‘बाटवणे’ला धर्माचा आणि जातीचा वास आहे, विद्यार्थ्यांच्या पुस्तिकेत तो नको. मला ‘आड नासवणे’ सुचतंय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे सगळ्यांना माहीत आहे. आडच नासला म्हटल्यावर पोहरा ओढून बघतंय कोण?

पेठकर:
आता विहिरीचा आड केलात! आडाला पायऱ्या नसतात, विहिरीला असू शकतात. आणि पुण्याचंच म्हणाल तर पेठा हौदांवर जगल्या. कात्रजच्या तलावाचं पाणी नळानं हौदात यायचं. ‘हौद नासवणे’ म्हणा.

सिंहगडरोडवाली:
काकांचा प्रश्न नंतर कोणी विचारला का?

अनुवादिका:
नाही. कागद मी मागून घेतलाय. रविवारी पुन्हा सभा आहे.

पेठकर:
हौदच लिहा.