चंद्र पाहून महिना, की गणित करून?

कुर्ल्याचा वाचक: चंद्राचे गणित सेकंदापर्यंत अचूक येते, तरी रमजान ईद उद्या की परवा, हे रात्री आठ-नऊ वाजेपर्यंत का ठरत नाही? आमच्या पंचांगात तिथ्या वर्षभर आधी छापून येतात. इथेही तसे का करू नये?

गिरगावकर: करायलाच हवे. 2024 साली 8 एप्रिलच्या रात्री 11 वाजून 51 मिनिटांनी अमावास्या संपली, 9 तारखेला सूर्योदयी प्रतिपदा होती, आणि त्या दिवशी आम्ही गुढ्या उभारल्या. कोणी आकाशाकडे पाहिलेही नाही. प्रतिपदा लागली म्हणजे त्या संध्याकाळी कोर दिसणारच. मग पाहायचे काय उरते?

दुर्बीणवाला: गिरगावकर, आपली वेळ बरोबर आहे, पण निष्कर्ष तेवढा बरोबर नाही. अमावास्या संपण्याचा क्षण म्हणजे सूर्य आणि चंद्र यांची युती, आणि त्या क्षणी चंद्र दिसत नसतो. (त्या दिवशी मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडातील लोकांनी तो सूर्यासमोर आलेला पाहिला, ते खग्रास ग्रहण होते म्हणून.) कोर दिसायला चंद्र सूर्यापासून निदान सातेक अंश दूर जावा लागतो, आणि साध्या डोळ्यांना बहुधा त्याहून बरेच अधिक अंतर लागते. म्हणूनच पंचांगात चंद्रदर्शनाची नोंद तिथीपेक्षा वेगळी असते, आणि ती कधी पाडव्याला, तर कधी दुसऱ्या दिवशी येते. इस्लामी महिना युतीपासून नव्हे, कोर दिसण्यापासून सुरू होतो. गणित इथेही आहेच, फक्त उत्तर वेगळ्या प्रश्नाचे आहे.

आता तीच 9 एप्रिलची संध्याकाळ घ्या, म्हणजे मुंबईतली 29 वी रमजान. सूर्य सातच्या थोडा आधी मावळला तेव्हा चंद्राचे वय 19 तासांचे होते, तो सूर्यापासून सुमारे 11 अंश दूर होता आणि सूर्यानंतर पाऊण तासाने मावळणार होता. अशी कोर स्वच्छ आकाशात, सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी, साध्या डोळ्यांना दिसायला हरकत नव्हती. तरी मुंबईत ईद 11 तारखेला, गुरुवारी झाली, कारण इथे दिसल्याची ग्राह्य साक्ष मिळाली नाही. केरळात, तसेच काश्मीर आणि लडाखमध्ये मात्र 10 तारखेलाच ईद झाली.

डोंबिवलीकर: चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात असतेच की! संकष्टीला आम्ही ती पाहूनच ताट वाढतो.

दुर्बीणवाला: तो कृष्ण चतुर्थीचा मोठा चंद्र, पूर्वेला रात्री उगवणारा. इथे प्रश्न पश्चिमेला मावळत्या, शेकडा एक भागही न उजळलेल्या कोरीचा आहे.

महाडची, आता मदनपुऱ्यात: त्या संध्याकाळी आम्ही चाळीच्या गच्चीवर होतो. धाकट्या दिराने पाण्याच्या टाकीवर चढून पाहिले, आणि पश्चिमेला क्षितिजावर असा मळकट तांबूस पट्टा होता की सूर्यही मावळण्याआधीच विरघळला. वर एक तारा तेवढा दिसत होता. आम्हाला चाँद दिसला नाही, म्हणून आम्ही तीस रोजे पूर्ण केले. पाहून रोजे धरा, पाहून सोडा, आणि ढग आले तर तीस पूर्ण करा, असेच सांगितलेले आहे. शिरखुर्म्याचे दूध दोनदा आणावे लागले, तो त्रास मान्य. पण अडचण म्हणून नियम बदलायचा, हे मला पटत नाही. भेंडीबाजारात दाऊदी बोहरांचे कॅलेंडर तर तीस वर्षांच्या ठरीव चक्राने चालते, त्यांना चाँद पाहावा लागत नाही. तो त्यांचा मार्ग आहे, आणि त्यामुळे शेजारपण बिघडलेले नाही.

गिरगावकर: मग हे सांगा, केरळात दिसला तो चंद्र मुंबईवर नव्हता का?

दुर्बीणवाला: होता, आणि तिथल्यापेक्षा थोडा मोठाच. मुंबई पश्चिमेला असल्याने इथे सूर्य काही मिनिटे उशिरा मावळतो, म्हणजे चंद्राचे वय तेवढेच अधिक. गणिताला धूळ ठाऊक नसते. ‘दिसू शकतो’ आणि ‘दिसला’ यांतील अंतर तिथेच राहते. उलट 8 तारखेच्या संध्याकाळी कोणी मुंबईत चंद्र पाहिल्याची शपथ घेतली असती, तर ती साक्ष निःशंकपणे नाकारता आली असती, कारण युतीच सूर्यास्तानंतर पाच तासांनी होती. माझ्या मते गणिताचा उपयोग असा खोटी साक्ष गाळण्यासाठी करावा. तुर्कस्तानप्रमाणे त्यावरूनच तारीख आधी जाहीर करावी, हे मात्र मी म्हणणार नाही.

महाडची, आता मदनपुऱ्यात: खोटी साक्ष गाळण्याला माझी हरकत नाही. पण केरळची साक्ष मुंबईला लागू करायची, तर मग कुठपर्यंतची लागू करायची? दिल्लीची? कराचीची? कराचीतही 10 तारखेलाच ईद होती.

कुर्ल्याचा वाचक: मी विचारले होते ते रजेच्या अर्जासाठी. यंदा दोन्ही दिवस मागून ठेवतो.