मदत हवी आहे: सर्पदंशाच्या रुग्णांच्या मुलाखतीत लोक मोकळेपणी बोलत नाहीत, प्रश्न कसे बसवू?

सुरंगी:
नमस्कार. मी नर्सिंगच्या एम.एस्सी.ला आहे. साप चावून बऱ्या झालेल्या माणसांना चावल्यापासून घरी परतेपर्यंत काय काय अनुभव आले, हा प्रबंधाचा विषय. भाग राजापूर-लांज्याचा. इथे कातळावर आणि चिऱ्यांच्या ढिगात फुरसं फार, त्यामुळे बहुतेक रुग्ण फुरशाचेच.

मुलाखतीची मार्गदर्शिका बनवली, त्यात २० प्रश्न आहेत. पायलट म्हणून आधी काही मुलाखती घेऊन पाहिल्या तर उत्तरं अशी येतात:

मी: चावल्यावर किती वेळाने दवाखान्यात गेलात?
ते: दोनेक तास.
मी: उशीर का झाला?
ते: गाडी नव्हती.
मी: आधी कुणाकडून झाडपाल्याचं औषध घेतलं होतं का?
ते: नाय.

रेकॉर्डर बंद केल्यावर चहा घेताना त्यांच्या पत्नी सहज म्हणाल्या, की वाडीतल्या एकांनी आधी पाला वाटून लावला होता. म्हणजे मला हवा तो अनुभव त्या घरात होता, पण माझ्या प्रश्नांना तो सापडला नाही. प्रश्न कसे बदलू? प्रोब, म्हणजे उत्तराला धरून खोलात नेणारे प्रश्न, किती ठेवायचे? आणि पायलटच्या मुलाखती मुख्य अभ्यासात धरता येतात का?

चिरेबंदी:
मी बरीच वर्षं सर्वेक्षणाची कामं केली आहेत. प्रश्न सगळ्यांना त्याच शब्दांत आणि त्याच क्रमाने विचारा. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं विचारलंत तर तुलना कशाची करणार? झाडपाल्याचा प्रश्न 'हो / नाही / सांगता येत नाही' असा ठेवा, लोक पटकन उत्तर देतील.

खाडीपलीकडचा:
आमच्या वडलांना काजूच्या बागेत जनावर चावलं होतं, संध्याकाळची वेळ. भावाने पायाला सुंभ घट्ट आवळला. शेजाऱ्याचा टेम्पो मिळाला, पण डिझेलचे पैसे कोण देणार यावरच थोडा वेळ गेला. सरकारी दवाखान्यात बाटलीत रक्त घेतलं आणि नुसतं ठेवून दिलं. आम्हाला वाटलं, हे काहीच करत नाहीत. आई तर रडायलाच लागली, म्हणाली खाजगीत नेऊया. मग एकदम सलाईन सुरू केली. पाय महिनाभर सुजलेला होता. आवळून बांधणं बरोबर की चूक, ते कुणी सांगेल का?

निवृत्त परिचारिका:
घट्ट आवळू नये. फुरशाच्या विषाने चावल्या जागी आधीच सूज येते, वर आवळलं तर त्या पायाचं नुकसान वाढतं. पाय हलू न देता रुग्णाला लवकर न्यायचं. बाटलीतलं रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग तिरकं करून गोठलंय का ते बघतात. गोठलं नाही तर विषाने रक्तावर परिणाम केला आहे असं धरून एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, देतात. तुमच्या डॉक्टरांनी काम बरोबरच केलं होतं, पण हे घरच्यांना सांगायला हवं होतं.

अबोली:
सुरंगीताई, वरची खाडीपलीकडच्यांची पोस्ट पुन्हा वाचा. डिझेलच्या पैशांबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं. रक्त ठेवलेल्या वेळात आईला काय वाटलं, तेही नाही. त्यांनी घडलं तसं क्रमाने सांगितलं आणि या गोष्टी आपोआप आल्या. तुमच्या मार्गदर्शिकेने एवढंच करायचं आहे.

म्हणून सुरुवातीला एकच मोठा प्रश्न ठेवा: "त्या दिवशी जनावर चावायच्या आधी तुम्ही काय करत होतात, तिथपासून घरी परत येईपर्यंत जे जे झालं ते तुमच्या पद्धतीने सांगा. मला घाई नाही." नंतर गप्प बसा. गप्प बसणं हाही प्रोबच आहे. नवख्या माणसाला पाच सेकंद पुष्कळ वाटतात आणि तो पुढचा प्रश्न टाकून मोकळा होतो.

आता प्रोब. ते आधीपासून लिहून ठेवायचे, पण विचारायचे फक्त त्या माणसाने स्वतः दार उघडल्यावर. तो म्हणाला, "रक्त काढून ठेवलं", तर तुम्ही म्हणा, "रक्त ठेवलं होतं तेव्हा तुम्ही कुठे होतात? आसपास कोण काय बोलत होतं?" त्याच्याच शब्दाचा धागा पकडून पुढे जायचं.

'उशीर का झाला' हा प्रश्न काढाच. त्यात उशीर झाला हा निकाल तुम्हीच देऊन टाकलाय आणि 'का' ऐकल्यावर माणूस सफाई द्यायला लागतो. त्याऐवजी, "चावलं हे कळल्यावर पहिल्यांदा कुणाला सांगितलंत? ते काय म्हणाले? मग?" झाडपाल्याचंही तसंच. तुम्ही दवाखान्याकडून आलेल्या बाई, तुम्हाला 'हो' कोण सांगेल? "दवाखान्यात पोचेपर्यंत जखमेवर कुणी काय काय केलं?" असं विचारा. त्यात सुंभ, चुना, पाला, नवस, सगळं एकाच पातळीवर येतं आणि कुणाला लपवावंसं वाटत नाही.

२० प्रश्नांतले पाच-सहा राहतील, बाकीचे त्यांच्याखाली प्रोब म्हणून जातील.

चिरेबंदी, तुमचं अर्धं पटतं. मुख्य प्रश्न सगळ्यांना विचारायचेच, नाहीतर एका घरात खर्चाचा विषय निघेल आणि दुसऱ्यात राहून जाईल. पण शब्द आणि क्रम बांधून ठेवलात तर हाती सर्वेक्षणच येईल. 'हो/नाही'ने किती जणांनी पाला लावला ते मोजता येतं. लावताना घरात काय चाललं होतं, ते कळत नाही.

चिरेबंदी:
मान्य, पण मग मुलाखत घेणाऱ्यावर सगळं अवलंबून. दोघी जणी मुलाखती घेणार असतील तर काय?

अबोली:
तर दोघींनी पहिल्या काही मुलाखतींचे उतारे शेजारी ठेवून वाचायचे. मार्गदर्शिका चालतेय की नाही हे उताऱ्यावरच दिसतं. तुमच्या ओळी रुग्णाच्या ओळींपेक्षा लांब असतील, किंवा तुमचा पुढचा प्रश्न त्याच्या आधीच्या वाक्याशी जुळत नसेल, तर तुम्ही कागद वाचताय, ऐकत नाही. पायलट संपल्यावर त्या व्यक्तीलाही विचारा, की कुठला प्रश्न नीट कळला नाही आणि कुठला नकोसा वाटला. बदल केलात की कागदावर तारीख टाका आणि जुनी प्रत जपून ठेवा. नैतिकता समितीने जुनी मार्गदर्शिका मंजूर केली असेल तर सुधारित प्रत त्यांच्यापुढे ठेवावी लागेल.

निवृत्त परिचारिका:
एक सांगते. दवाखान्यातल्या खाटेजवळ मुलाखत घेऊ नका. तिथे सिस्टर, डॉक्टर ऐकत असतात, तक्रार कोण करणार? घरी जा, पण लावणीच्या दिवसांत नको, बोलायला माणूसच सापडणार नाही.

सुरंगी:
सगळ्यांचे आभार. सुरुवातीचा प्रश्न बदलून एका आजींशी बोलले. त्या बराच वेळ सलग बोलल्या. चावलं तेव्हा घरात फक्त नातू होता आणि त्याला फोन लावता येत नव्हता, हे माझ्या एकाही प्रश्नात नव्हतं. पण सून शेजारी बसून मध्येमध्ये दुरुस्ती करत होती, "तसं नव्हतं, आई." तिला उठायला सांगावं का? आणि आधीच्या घरातल्या पत्नी रेकॉर्डर बंद असताना जे बोलल्या, ते वापरता येईल का?

अबोली:
दुसरं आधी. त्यांची संमती नव्हती, तेव्हा त्यांचं वाक्य उद्धृत करू नका. पुन्हा जाऊन त्यांना विचारा, त्या तयार असतील तर संमती घेऊन त्यांची वेगळी मुलाखत घ्या. पायलटच्या मुलाखती मुख्य अभ्यासात धरायच्या का, यावर एकमत नाही. मार्गदर्शिका फारशी बदलली नसेल तर मी धरते आणि तसं प्रबंधात लिहिते. तुमची बरीच बदलली आहे, मी असते तर पहिल्या सोडल्या असत्या. मार्गदर्शकांना विचारून घ्या.

निवृत्त परिचारिका:
सुनेला उठवू नका. आपल्याकडे घरच्या बाईला बाहेर पाठवलं तर आजीच बोलायच्या थांबतील.

अबोली:
इथे माझं मत वेगळं आहे. सुनेसमोर आजी खर्चाबद्दल आणि दवाखान्यात कोण थांबलं याबद्दल खरं बोलतील असं मला वाटत नाही. निदान तो भाग परसात, दोघीच असताना विचारून बघा.

खाडीपलीकडचा:
सुरंगीताई, वडील बोलायला तयार आहेत, पण आमचा गाव देवगड तालुक्यात. चालेल का?