मदत हवी आहे: जुना हर्पीस, पस्तिसावा आठवडा आणि नॉर्मल डिलिव्हरी

मैत्रिणींनो, मला लग्नाआधीपासून जननांगाचा हर्पीस आहे. गरोदरपणात एकदा फोड येऊन गेले. डॉक्टरांनी समजावलं की खरा धोका शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच लागण झाली तर असतो, कारण आईच्या अँटीबॉडीज बाळापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. अशा वेळी नॉर्मल डिलिव्हरीत दहापैकी तीन ते पाच बाळांना संसर्ग होऊ शकतो. माझ्यासारख्या जुन्या दुखण्यात, कळांच्या वेळी फोड असले तरी, हे प्रमाण शंभरात तीनच्या आत असतं. हे ऐकून जीव जरा भांड्यात पडला.

छत्तिसाव्या आठवड्यापासून डिलिव्हरीपर्यंत असायक्लोव्हिर ४०० मिग्रॅ दिवसातून तीनदा घ्यायचं ठरलंय. कळा सुरू झाल्यावर नीट तपासतील. फोड नसतील तर नॉर्मल, फोड किंवा त्याआधीची झिणझिण, आग असेल तर सिझेरियन.

माझं अडतं ते या झिणझिणीपाशी. पूर्वी फोड यायच्या आदल्या दिवशी डाव्या मांडीत कळ यायची आणि एकाच जागी चुरचुरायचं. आता बाळाचं डोकं खाली आल्यापासून तिथे तसंही ओढल्यासारखं होतं. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी दोन्हींतला फरक कसा ओळखला? पाणी आधी गेलं आणि नेमकी तेव्हाच आग होत असेल, तर तुमच्या डॉक्टरांनी काय केलं? शिवाय ठोके मोजायला बाळाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावू नका, हे ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरांना आधीच फाइलवर लिहून द्यावं का?