मदत हवी आहे: हा रॉम्पर की डंगरी?

सुईदोरा: गिऱ्हाईक 'रॉम्पर' म्हणतंय. फोटोत छातीवर खिसेवाला चौकोन आणि दोन पट्टे आहेत. उद्या कापायचंय. नक्की काय शिवू? दोन मीटर पुरेल का?

काजबटण: बाळासाठी की मोठ्या माणसासाठी? पाय कुठपर्यंत? पट्टे सुटतात का? उघडतं कुठून?

चिंगीची_आई: रॉम्परला आसनात टिचबटणं लावाच, नाहीतर लंगोट बदलताना सगळा कपडा उतरवावा लागतो. पट्टीला आतून कॅनव्हास द्या, नाहीतर बटण कापडासकट उपटून येतं.

सुईदोरा: अहो, कॉलेजची मुलगी आहे! पाय अर्ध्या मांडीपर्यंत. पट्ट्यांना बक्कल. चेन कुठेच दिसत नाही.

निळीशाई: आखूड पाय म्हणजे रॉम्पर, पूर्ण पाय म्हणजे जंपसूट. संपलं.

काजबटण: अर्धंच खरं. डंगरीही आखूड असते. आधी वरचा भाग बघा. डंगरीला पुढे छातीचा तुकडा असतो, काखेखाली बाजू उघड्या, म्हणून आत टी-शर्ट लागतो. वरचा भाग ब्लाउजसारखा अंगाभोवती पूर्ण असेल आणि पाय आखूड, तर तो प्लेसूट. अमेरिकेत त्यालाच रॉम्पर म्हणतात, इंग्लंडमध्ये रॉम्पर म्हटलं की बहुधा बाळाचा. त्याच कापाला पूर्ण पाय दिले की जंपसूट. नुसत्या पट्ट्यांवरून ठरवू नका, पट्टेवाला जंपसूटही असतो. तुमची ही आखूड डंगरी.

सुईदोरा: मग घालायची कशी? चेन नाही ना.

काजबटण: कमरेच्या दोन्ही बाजूंना काजं-बटणं असतील, फोटोत हाताआड गेली असतील. ती चीर सीटच्या सर्वांत रुंद जागेजवळ पोचली पाहिजे. कमरेशीच थांबवली तर कपडा सीटवर अडकतो.
आणखी एक माप घ्या: खांद्यावरून पुढे खाली, आसनातून पाठीमागून परत त्याच खांद्यावर. ते 58 इंच आलं तर न ताणणाऱ्या कापडात 60 धरा. प्लेसूट-जंपसूटमध्ये हे कमी पडलं की बसताना आसनात ओढतं, आणि नुसते पाय लांब करून ते सुटत नाही. डंगरीत बक्कल सरकवून थोडं निभावतं.

डोंगरीकर: 'डंगरी' हे मूळचं जाड सुती कापडाचं नाव, आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून पडलेलं. कपड्याला ते नंतर चिकटलं. साहेबाचा शब्द नाही तो!

निळीशाई: बरं. पण डेनिमला सुई कितीची?

काजबटण: 16 नंबर. बक्कलपाशी थर वाढतात, तिथे चाक हाताने फिरवा.

सुईदोरा: आत्ता फोन आला. तिला पट्टे बक्कलचेच हवेत, पण पाठ आणि बाजू पूर्ण झाकलेल्या.

निळीशाई: म्हणजे प्लेसूट! मी म्हटलं होतं.

काजबटण: तुम्ही रॉम्पर म्हणाला होतात. सुईदोरा, मग बाजूची बटणं विसरा. काखेपासून सीटपर्यंत डाव्या बाजूला चेन घ्या आणि मापाचे ते दोन इंच सोडू नका. आतून टी-शर्ट घालणार आहे का, तेही विचारा, छातीचा घेर त्यावर ठरेल.

सुईदोरा: विचारते. आणि दोन मीटरचं काय?