पीपीटीपी: पासवर्ड लांब असला तर चालेल का?

हिशेबनीस: दुकानाच्या राउटरवर पीपीटीपी व्हीपीएन आहे, घरून बिलिंगच्या पीसीला त्यावरूनच जोडतो. ते फुटलेलं आहे असं ऐकतो. माझा पासवर्ड 20 अक्षरी, कसाही जुळवलेला आहे. तरी बदलायला हवं का?

जुनाजाणता: गरज नाही. फुटतात ते सोपे पासवर्ड. वर 128 बिटचं एन्क्रिप्शन आहे. चालू यंत्रणेला हात लावू नये.

तारवाला: जुनाजाणता, सोप्या पासवर्डचं तुमचं खरं आहे. पण 2012 साली डेफकॉनमध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी जे दाखवलं, त्यात लांबीचा संबंधच उरत नाही. पीपीटीपीचं लॉगिन तपासणारं एमएस-चॅप व्ही2 पासवर्डचा हॅश वापरतं. पासवर्ड कितीही मोठा असो, हॅश 16 बाइटचाच. त्याचे 7, 7 आणि 2 बाइटचे तुकडे करून तीन डीईएस चाव्या बनतात. तिसरीत बाकी शून्यं भरतात, म्हणजे फक्त 65,536 शक्यता. पहिल्या दोन चाव्यांनी एकच मजकूर कुलूपबंद होतो, त्यामुळे 56 बिटांच्या एकाच फेरीत दोन्ही सापडतात. त्यांच्या यंत्राला त्याला एक दिवससुद्धा लागत नव्हता.

हॅश मिळाला की पासवर्ड न कळताही लॉगिन होतं. 128 बिटची चावीही त्याच हॅशमधून निघते, त्यामुळे आधी टिपून ठेवलेली रहदारीसुद्धा उघडते.

जुनाजाणता: पण त्यासाठी लॉगिनची देवाणघेवाण कुणीतरी टिपायला हवी ना? घरच्या लाइनवर कोण बसलंय?

तारवाला: टिपावी लागते, मान्य. पण लॉजच्या वायफायवरून एकदा जोडलंत तरी पुरे.

कोकणकर: माझंही पीपीटीपी अडकतं. 1723 पोर्ट उघडलाय, तरी पुढे सरकत नाही. हॅक झालं का?

तारवाला: नाही हो. 1723 वरून फक्त बोलणी होतात, डेटा जीआरईमधून जातो. त्याला पोर्ट नसतो आणि वाटेतला राउटर तो अडवत असणार. आयफोनवर मात्र शोधू नका, आयओएस 10 पासून पीपीटीपी काढलंय.

हिशेबनीस, वायरगार्ड घ्या. राउटर जुना असेल तर दुकानातल्या सतत चालू राहणाऱ्या पीसीवर बसवा आणि यूडीपी 51820 त्याच्याकडे वळवा. पासवर्डऐवजी दोन्ही बाजूंना चाव्यांची जोडी असते. जोडल्यावर `wg show` चालवा. `latest handshake` दिसलं नाही, तर पोर्ट किंवा चावी चुकली आहे. जुळलं की राउटरवरचं पीपीटीपी बंद करा आणि तो पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरला असेल तर बदला.

नेटवर्कताई: मी आयकेईव्ही2 सुचवेन. विंडोज आणि आयफोनमध्ये ते आधीपासून असतं, वेगळं ॲप लागत नाही.

तारवाला: आणि सर्टिफिकेटं कोण सांभाळणार? एका दुकानासाठी ते जड होतं.

नेटवर्कताई: एकदाच बनवायची असतात. आणि माणूस सोडून गेला की त्याचं सर्टिफिकेट रद्द करता येतं.

तारवाला: वायरगार्डमध्येही त्याची चावी पुसली की झालं.

हिशेबनीस: माझ्या एका गिऱ्हाइकाच्या ऑफिसात यूडीपीच बंद आहे. तिथून कसं जोडू?

नेटवर्कताई: मग वायरगार्ड आणि आयकेईव्ही2 दोन्ही बाद, दोन्ही यूडीपीवरच चालतात. तिथे टीसीपी 443 वरचं एसएसटीपी बघा. दुकानात विंडोज सर्व्हर आहे का?