बाराची कसोटी मुलीला कशी समजावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नागपूरची. मुलगी सहावीत आहे आणि विभाज्यतेच्या कसोट्यांवर आमची गाडी अडली आहे.

मी तिला गणित घातलं: 4530 संत्री आहेत, तर पूर्ण डझन होतील का? तिनं अंकांची बेरीज केली, 12 आली, म्हणजे 3 ने भाग जातो. शेवटी 0, म्हणून 2 नेही जातो. म्हणजे 6 ने जातो. इथपर्यंत बरोबर. शेवटच्या शून्यामुळे 5 नेही जातो, म्हणून 15 ने जातो, हेही तिनं आपणहून सांगितलं. मग म्हणाली, "2 नेही जातो, 6 नेही जातो, दोन सख्खं बारा, म्हणजे डझन पूर्ण!" भागाकार केला तर 377 डझन होऊन 6 संत्री उरली.

मी सांगितलं की 6 मध्ये 2 आधीच आहे, तू एकच गोष्ट दोनदा तपासलीस. सहमूळ जोडी घ्यायची, 3 आणि 4. शेवटचे दोन अंक 30, त्याला 4 ने भाग जात नाही, म्हणून 12 नेही नाही. हे तिला पटलं.

पण काल तिनं विचारलं, "4 आणि 6 सहमूळ नाहीत, तरी त्या दोघांनी भाग गेला की 12 ने जातोच. असं का?" तपासलं तर खरंच जातो! 4 आणि 6 चा लसावि 12 आहे, 2 आणि 6 चा फक्त 6, एवढं माझ्या लक्षात आलं. तर सहमूळचा नियम बाजूला ठेवून थेट लसाविच शिकवावा का? शिक्षक मंडळींनी सांगावं, मुलांना आधी काय सोपं जातं?